टाकीचा आकार बिलातून ठरतो

«आमची कार्यालयाची इमारत आहे, चारशे टनांचा चिलर लागतो. दिवसाची वीज महाग, रात्रीची स्वस्त. तर रात्री बर्फ करून ठेवायला किती मोठी टाकी घ्यावी?»

चिलर म्हणजे इमारतीसाठी थंडावा तयार करणारे यंत्र. त्याच्या चारशे टन या आकड्यावरून टाकी ठरत नाही, कारण तो केवळ सर्वांत कठीण तासाचा आकडा आहे. टाकीला टन नव्हे, टन-तास साठवायचे असतात, म्हणजे एक टनाच्या दराने तासभर मिळणारा थंडावा. गंमत अशी की वातानुकूलनातला ‘टन’ मुळात बर्फाचाच आहे: २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितक्या थंडाव्याचा दर म्हणजे एक टन. म्हणजे एक टन-तास साठवायचा तर सुमारे ३८ किलो बर्फ हवा.

म्हणून मी आधी उन्हाळ्यातल्या कडक दिवसाचा तासागणिक भार मागतो. पुण्यातल्या एका इमारतीसाठी, सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेचा, मी मांडलेला तक्ता समोर ठेवतो. पहिल्या तासात २२० टन, मग चढत चढत दुपारी २ ते ४ या वेळेत ४०० टन, संध्याकाळी ५ नंतर उतार आणि शेवटच्या तासात १८० टन. दिवसभराची बेरीज ३,९०० टन-तास. हा सगळा थंडावा रात्रीच साठवायचा तर सुमारे दीडशे टन बर्फ लागेल, आणि तेवढ्या टाक्यांना जागा द्यायला कोणताही मालक तयार होत नाही. व्यवहारात आपण चिलर लहान घेतो, तो दिवसभर पूर्ण क्षमतेने चालवतो आणि त्याच्या वरचा भार बर्फावर टाकतो.

इथे पहिली चूक होते. जो चिलर दिवसा २३० टन देतो, तो रात्री बर्फ करताना २३० टन देत नाही. बर्फासाठी टाकीतल्या नळ्यांमधून फिरणारे, न गोठणारे ग्लायकोलचे द्रावण उणे पाच-सहा अंशांपर्यंत थंड करावे लागते, आणि त्या तापमानाला चिलरची क्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते. दिवसाची क्षमता ‘क’ मानली, तर रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत ५.२ क इतका बर्फ होतो. आमच्या तक्त्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ७ हे दहा तास भार चिलरपेक्षा जास्त आहे आणि त्या तासांची बेरीज ३,५०० टन-तास. त्यातले दहा क चिलर स्वतः देणार, उरलेले बर्फ देणार, म्हणून १५.२ क बरोबर ३,५००, आणि क सुमारे २३० टन. टाकी १,२०० टन-तासांची, म्हणजे जवळपास साडेपंचेचाळीस टन बर्फ. नळ्या, पाणी आणि मोकळी जागा धरून अशा टाक्या ८५ ते ९५ घनमीटर जागा व्यापतात. पायाचे काम करणाऱ्या अभियंत्याला हे वजन आराखड्याच्या पहिल्याच दिवशी सांगावे.

आता १,२०० पुरतील का, हे बेरजेवरून नव्हे तर शेवटच्या तासांवरून तपासायचे. बर्फ कमी होत गेला की नळ्यांभोवती वितळलेल्या पाण्याचा थर जाड होतो आणि द्रावण पूर्वीइतके थंड होऊन बाहेर पडत नाही. आमच्या तक्त्यात संध्याकाळी ५ वाजता टाकीत १५० टन-तास उरतात आणि पुढच्याच तासाला ११० टन मागितले जातात. आठवा हिस्सा बर्फ शिल्लक असताना इतक्या वेगाने थंडावा काढायचा, हाच खरा अडचणीचा तास. दुपारी २ वाजता टाकी अर्धी भरलेली असते, तेव्हा १७० टनही ती सहज देते. त्यामुळे विक्रेत्याकडून मी एकूण क्षमतेऐवजी त्या एका तासाला बाहेर पडणाऱ्या द्रावणाचे तापमान लेखी मागतो, आणि साधारण १५० टन-तासांची राखीव भर घालून १,३५० ची टाकी धरतो. चिलर मात्र त्यासाठी वाढवावा लागत नाही. राखीव बर्फ एकदा गोठवला की रोज तसाच उरतो. रोज वितळतात ते वरचे १,२०० च.

इथपर्यंतचे गणित कोणीही करून देईल. खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि त्यात मी स्वतः अनेक वर्षे अर्धवट उत्तर देत होतो.

महाराष्ट्रातल्या उच्चदाब ग्राहकांना महावितरणच्या बिलात दीर्घ काळ रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती, सकाळी ९ ते १२ मध्ये ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा आकार होता. मूळ दर सोयीसाठी १० रुपये धरू. दिवसा थेट थंड करताना टनामागे ०.७० किलोवॉट आणि बर्फ करताना ०.९० किलोवॉट लागतात असेही धरू. रात्रीची हवा थंड असली तरी उणे तापमानाची ही किंमत मोजावीच लागते. बर्फाचा एक टन-तास मग ७ रुपये ६५ पैशांना पडतो. संध्याकाळी थेट थंड केले असते तर ७.७७ लागले असते, सकाळच्या महाग तासांत ७.५६ आणि भर दुपारी फक्त ७. म्हणजे केवळ वीज आकाराच्या हिशेबात बर्फ संध्याकाळी १२ पैसे वाचवतो, सकाळी ९ पैसे घालवतो आणि दुपारी ६५ पैसे घालवतो. आमचा तीन-चतुर्थांश बर्फ दुपारीच वितळतो. ‘स्वस्त विजेवर बर्फ’ या वाक्यावर विकल्या गेलेल्या टाक्या प्रत्यक्षात वीज आकारात दिवसाला सहाशे रुपयांचा तोटाच करत होत्या.

तरीही त्या परवडत होत्या, त्या मागणी आकारामुळे, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक, केव्हीएत मोजल्या जाणाऱ्या वीज मागणीवरच्या आकारामुळे. चारशेऐवजी २३० टनांचा चिलर म्हणजे सुमारे १२० केव्हीएची कमाल मागणी कमी. केव्हीएमागे महिना ५०० रुपये धरले तर साठ हजारांची बचत, आणि त्यातून पंचवीस दिवसांचा पंधरा हजारांचा तोटा वजा. शिवाय बिलासाठीची मागणी सकाळी ६ ते रात्री १० मधलीच मोजली जात असल्याने रात्री बर्फ करणाऱ्या चिलरची नोंद त्यात येत नव्हती. टाकी दरातल्या फरकावर नव्हे, मागणीवर जगत होती. हे ज्याने ओळखले त्याने टाकी बरोबर मापाची घेतली. ज्याने ओळखले नाही त्याने ‘जितकी मोठी तितकी बचत’ म्हणत वर दोन टाक्या जास्त घेतल्या.

आता दरांचे तासच बदलत आहेत. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांत, म्हणजे दिवसाच्या आठ तासांत, दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना मागणीच्या ऐन तासांत तो किमान १.२ पट असावा. स्वस्त वीज रात्रीची, हे गृहीतक त्यामुळे उलटते. त्याच १० रुपयांवर मांडा: भर दिवसा थेट थंडावा ५ रुपये ६० पैशांना, आणि रात्री सामान्य दराने केलेला बर्फ ९ रुपयांना. संध्याकाळच्या महाग तासांतसुद्धा थेट थंडावा ८.४० ला मिळतो, म्हणजे रात्रीचा बर्फ तिथेही हरतो. आमच्या तक्त्यावर कडक उन्हाळ्याच्या महिन्यात हा तोटा नव्वद हजारांच्या पुढे जातो आणि मागणीतली साठ हजारांची बचत तो गिळून टाकतो.

मग बर्फ स्वस्त दुपारी करून संध्याकाळी वापरावा, असे सुचवले जाते. संध्याकाळी ५ ते ८ चा भार ७९० टन-तास, राखीव भर घालून ८८० ची टाकी. दुपारच्या उष्ण हवेत ०.९५ किलोवॉट धरले तरी बर्फ ७.६० ला पडतो आणि टन-तासामागे ८० पैसे उरतात. महिन्याला सुमारे सोळा हजार. परंतु बर्फाचा तो वेगळा चिलर इमारतीच्या चारशे टनांच्या बरोबरीने, नेमका दुपारी ३ वाजता चालणार आणि मागणी शंभरावर केव्हीएने वाढवणार. सोळा हजार मिळवण्यासाठी पन्नास हजार मोजणे होय ते. जागा असेल तर अशा ठिकाणी मी थंड पाण्याची टाकी आधी तपासतो: ती बर्फाच्या निदान पाचपट मोठी होते, पण उणे तापमानाचा दंड भरावा लागत नाही. मागणीची अडचण तिलाही आहेच.

ज्यांच्याकडे टाकी आधीच बसलेली आहे त्यांनी ती रोज काठोकाठ गोठवणे थांबवावे. दुसऱ्या दिवशीच्या हवेच्या अंदाजावरून, मागणीची ठरवलेली मर्यादा ओलांडू नये इतकाच बर्फ करावा आणि तो दुपारच्या शिखरावरच वापरावा. त्यासाठी टाकीत किती बर्फ आहे हे खरे कळले पाहिजे, आणि नेमके तिथेच मी एकदा फसलो आहे.

ज्या टाक्यांत द्रावण नळ्यांच्या आत आणि गोठणारे पाणी बाहेर असते, तिथे बर्फाचे प्रमाण पाण्याच्या पातळीवरून मोजतात, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. आमच्या एका जागी संध्याकाळी पातळी उतरलेली पाहून ऑपरेटरने सद्भावनेने टाकीत पाणी भरले. पातळी उतरली होती ती बर्फ वितळल्यामुळे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, चूक माझी. त्या रात्री पातळी लवकर ‘पूर्ण’ दाखवू लागली आणि नियंत्रकाने बर्फ करणे दीड तास आधी थांबवले. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता पडद्यावर २० टक्के बर्फ शिल्लक दिसत होता, आणि टाकीतून निघणारे द्रावण ४ अंशांवरून ९ अंशांवर गेले होते. तक्रारी येऊ लागल्या, राखीव चिलर सुरू झाला, आणि त्या एका दुपारी नोंदलेल्या कमाल मागणीने संपूर्ण महिन्याची बचत नेली.

त्यानंतर मी पातळीबरोबर तापमानही पाहतो. बर्फ होत असताना टाकीतून परतणारे द्रावण शून्याच्या थोडे खाली बराच वेळ स्थिर राहते आणि गोठवायला पाणी उरले नाही की झपाट्याने खाली जाते. ती उतरण दिसण्याआधीच पातळी ‘पूर्ण’ म्हणत असेल, तर पातळी खोटे बोलत आहे. महिन्यातून एका रविवारी राखीव बर्फासह सगळी टाकी वितळू देऊन पातळीचा शून्य पुन्हा लावून घ्यावा, आणि पाणी भरायचेच असेल तर ते त्याच दिवशी, वहीत नोंद करून.