आमची वाटचाल : एक किलो जिलेबीत पाक किती मुरतो?

लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर, एका कढईवर आमचा जिलेबीचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे मोजमाप असे जवळजवळ नव्हतेच. आमचे कारागीर, ज्यांना सगळे महाराज म्हणत, ते पिठात हात घालून त्याचा अंदाज घेत. पाकासाठी मात्र त्यांचा एकच नियम होता : मैद्याच्या तिप्पट साखर. पहिली दोन वर्षे आम्ही हा नियम प्रश्न न विचारता पाळला. त्यातली चूक उघड झाली ती 15 ऑगस्टच्या एका मोठ्या मागणीमुळे.

स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिन या दोन सकाळी मुंबईत जिलेबीला जी मागणी असते, ती वर्षातल्या इतर कोणत्याही दिवशी नसते. त्या वर्षी एका गृहसंकुलाने आमच्याकडे चाळीस किलो जिलेबी सांगितली होती. साडेतेरा किलो मैदा भिजवला आणि नियमाप्रमाणे चाळीस किलो साखरेचा पाक केला. जिलेबी वेळेवर गेली, परंतु ती दुपारपर्यंत मऊ पडल्याची तक्रार आली, आणि इकडे पातेल्यात तीस किलोंहून अधिक पाक उरला होता. तो पुढचे काही दिवस उकळून वापरला, तेव्हा त्याला तळणीचा वास येऊ लागला आणि रंग काळपट झाला. नुकसान साखरेचे होते आणि नावाचेही.

त्यानंतर मी एक साधी गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. तळलेल्या कोरड्या जिलेब्या पाकात टाकण्यापूर्वी वजन केल्या, पाकातून काढून जाळीवर निथळू दिल्या आणि पुन्हा वजन केल्या. काही दिवस सतत नोंद ठेवल्यावर आमच्या जिलेबीचे गणित स्थिरावले. एक किलो मैद्यापासून पाकाविना सुमारे 1.3 किलो कोरडी जिलेबी निघते, कारण पिठातले बहुतेक पाणी तळताना उडून जाते आणि त्याच्या जागी काही प्रमाणात तूप शिरते. ही 1.3 किलो जिलेबी सुमारे 1.7 किलो पाक पिते आणि तयार माल तीन किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे विक्रीच्या एक किलो जिलेबीत मैदा साधारण 330 ग्रॅम आणि पाक साधारण 570 ग्रॅम असतो. एकतारी पाकात साखरेचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या जवळ असते, म्हणून त्या पाकातली साखर सुमारे 400 ग्रॅम होते. निथळ आणि सांडलवंड धरून आम्ही हिशेबात किलोमागे 420 ग्रॅम साखर धरतो.

मग महाराजांचा तिप्पट साखरेचा नियम सरसकट चुकीचा होता का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जिलेबी पाकात बुडाली पाहिजे, आणि त्यासाठी पातेल्याच्या तळाशी जो पाक शेवटपर्यंत राहावा लागतो, तो कोणाच्याच पोटात जात नाही. घरी एक किलो जिलेबी करणाऱ्याला सुमारे 800 ग्रॅम साखर लागते ती याचमुळे : निम्मी जिलेबीत मुरते, निम्मी भांड्यात उरते. माल वाढतो तशी मुरणारी साखर वाढते, पण तळाचा पाक तितकाच राहतो. महाराजांचा नियम छोट्या घाण्याचा होता आणि आम्ही तो चाळीस किलोंना लावला होता. आमच्या पातेल्याला तळासाठी सहा किलो पाक लागतो. चाळीस किलो जिलेबीत सुमारे तेवीस किलो मुरतो, आणि एक किलो सांडण्यात जातो, असा एकूण तीस किलो. एक किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी उकळून एकतारी होईपर्यंत आटवले की सुमारे 1.4 किलो पाक मिळतो, म्हणून चाळीस किलोंसाठी एकवीस-बावीस किलो साखर पुरते.

मात्र हे आकडे पिठाच्या जोरावर उभे आहेत, आणि मऊ पडण्याची तक्रार तर पूर्णपणे पिठाचीच होती. पीठ आंबताना त्यात वायूचे बारीक बुडबुडे तयार होतात, तळताना ते फुगतात आणि जिलेबीचे वेढे आतून पोकळ होतात. पाक जाऊन बसतो तो याच पोकळीत. पीठ कमी आंबले तर वेढा भरीव राहतो, पाक वरच चिकटतो आणि एक किलो मैद्याचा माल तीन किलोंपर्यंत पोहोचत नाही. पीठ जास्त आंबले तर ते पातळ होऊन तुपात पसरते, चपट्या वेढ्यांत तूप भरते आणि मग पाकाला जागा उरत नाही. अशी जिलेबी हातात तेलकट लागते आणि थोड्याच वेळात लोळागोळा होते.

आमचे प्रमाण जानेवारीत असे असते : एक किलो मैदा, 200 ग्रॅम आंबट दही आणि रात्री 750 मिलिलिटर पाणी. पीठ चौदा-पंधरा तास झाकून ठेवतो. उरलेले 100 ते 200 मिलिलिटर पाणी सकाळी, पीठ पाहून घालतो. हे पाणी राखून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण आंबलेले पीठ आपोआप सैल होते आणि रात्रीच सगळे पाणी घातले तर सकाळी ते काढून घेता येत नाही. पळीतून पीठ सोडल्यावर धार तुटू नये आणि खाली पडलेल्या धारेची रेघ क्षणभर दिसून मग पिठात मिसळावी. रेघ दिसलीच नाही तर पाणी जास्त झाले आहे, आणि ती तशीच राहिली तर अजून थोडे हवे.

ऑगस्टमध्ये हेच प्रमाण घातक ठरते. मुंबईत त्या दिवसांत रात्रीही उकाडा असतो, त्यामुळे पीठ आठ-नऊ तासांत तयार होते आणि त्या चाळीस किलोंच्या दिवशी आम्ही ते चौदा तास ठेवले होते. आता पावसाळ्यात दही 100 ग्रॅमवर आणतो, तेही कमी आंबट, आणि पीठ रात्री उशिरा भिजवतो. पीठ जास्तच आंबले तर सोडा घालून ते सुधारत नाही. थोडा कोरडा मैदा मिसळून अर्धा तास थांबावे, धार पुन्हा पाहावी, आणि तरीही वास तिखट आंबट असेल तर ते टाकून द्यावे.

पाकाबद्दल एवढेच, की तो कोमट नव्हे तर चांगला गरम असावा आणि जिलेबी कढईतून थेट त्यात पडावी. पाक थंड असला की घट्ट होतो आणि आत शिरत नाही. दोनतारी झाला तर जिलेबीवर पांढरी साखर फुटते, म्हणून थोडा लिंबाचा रस घालतो आणि काम लांबले की तार पाहून गरम पाण्याचा हबका मारतो.

गेल्या 15 ऑगस्टला पंचेचाळीस किलो जिलेबी गेली. साखर चोवीस किलो लागली आणि दुपारी पातेल्यात साडेसहा किलो पाक उरला. महाराजांनी तो स्वतः वजन करून वहीत लिहिला.