अर्थ झाकून सोडवलेला पेपर

गेल्या शनिवारी नौपाड्यातल्या माझ्या जर्मन वर्गात बी-वन पातळीच्या टेल्क परीक्षेचा सराव घेतला. व्याकरणाच्या दुसऱ्या भागात एका पत्रात 10 गाळलेल्या जागा असतात आणि खाली 15 शब्द, म्हणजे 5 शब्द उरणारच. कळव्याहून येणारी एक नर्स, रात्रपाळी करून आलेली, तिचे चारच बरोबर आले.

"मॅडम, पत्र तर मला सगळं कळलं होतं," ती म्हणाली. खरंच कळलं होतं. चुका बघताना लक्षात आलं, की ती मनात मराठीत वाचत होती आणि 'कारण' अर्थाचा जो शब्द आधी दिसेल तो भरत होती. जर्मनमध्ये 'वाइल' म्हणजे कारण आणि 'डेन' म्हणजेही कारण, पण दोन्हींनंतर क्रियापदाची जागा वेगळी. मराठीत क्रियापद बहुधा शेवटीच येतं, म्हणून त्याच्या जागेकडे बघायची आपल्याला सवयच नसते.

मग मी तिच्यासाठी तोच उतारा पुन्हा लिहिला. नामांच्या जागी नुसत्या रेघा मारल्या. स्वल्पविराम, सर्वनामं आणि क्रियापदं तेवढी ठेवली. "अगं, आता अर्थ विसर. जागेच्या पुढे क्रियापद कुठे आहे तेवढं सांग."

मूळ वाक्य होतं: 'इश कोन्टे निश्त कोमेन, ___ माइन झोन फीबर हाटे.' मला येता आलं नाही, मुलाला ताप होता. 'हाटे' अगदी शेवटी, म्हणजे वाइल, 'असूनही' अर्थाचं ओब्वोल, 'की' अर्थाचं डास यांच्यापैकी कुणीतरी. तेच '___ माइन झोन हाटे फीबर' असतं, तर कर्त्यानंतर लगेच क्रियापद, म्हणून डेन. आणि जागेला चिकटूनच क्रियापद, मागून कर्ता, '___ कोन्टे इश निश्त कोमेन', तर 'म्हणून' अर्थाचं डेसहाल्ब किंवा 'तरीही' अर्थाचं ट्रोट्सडेम.

दहापैकी अशा जोडशब्दांच्या सातही जागांचा गट तिने अचूक सांगितला. पण गट कळला म्हणजे शब्द मिळाला असं नाही. वाइल आणि ओब्वोल दोन्ही क्रियापद शेवटी ढकलतात. 'ताप होता म्हणून' की 'ताप असूनही', हे अर्थच ठरवतो. तेव्हा मी नामं परत भरली. या टप्प्यावर पंधरातले दोन-तीनच शब्द तिच्यापुढे उरत होते.

पहिल्या भागातली एक चूक मला जास्त महत्त्वाची वाटली. 'मिट ___ नॉयन कोलेगिन', म्हणजे नव्या सहकारी बाईंबरोबर. पर्याय डी, डेअर, डेन (इथे हे 'डेन' आर्टिकल आहे, वरचं 'कारण' नव्हे). तिने डी लिहिलं, कारण बाई म्हणजे डी. डेअर पुल्लिंगी म्हणून तिने आधीच खोडलं होतं. पण 'मिट'नंतर डाटिव्ह विभक्ती येते आणि तिच्यात स्त्रीलिंगी डी चं डेअर होतं. मिट विसरलं तरी विशेषणाचं शेपूट बोलतं: डी असतं तर 'नॉये' आलं असतं, 'नॉयन' नाही. डेनसाठी अनेकवचन हवं, 'कोलेगिनेन'.

"म्हणजे उत्तर जागेच्या पुढच्या शब्दात होतं," ती म्हणाली, आणि तिने पेन्सिलीने 'नॉयन'मधल्या शेवटच्या 'न'भोवती गोल केला.