काउंटरवरची विक्री: गळ न घालता

आमच्या सलूनमध्ये प्रॉडक्ट विक्रीचं कमिशन महिन्याच्या टार्गेटवर होतं. टार्गेट गाठलं तर पैसे, नाही गाठलं तर काहीच नाही. विक्रीची वही चाळताना मला दिसलं की निम्म्याहून जास्त बाटल्या शेवटच्या आठवड्यात खपत होत्या. केसांना महिनाअखेरीस वेगळी गरज निर्माण होत नाही, म्हणजे टार्गेटसाठीच गळ घातली जात होती. त्या आठवड्यात बाटली घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणी पुढची अपॉइंटमेंट न घेताच जायच्या, याची मला जास्त काळजी वाटली.

टार्गेट काढून टाकलं आणि प्रत्येक खुर्चीपाशी एक छोटं कार्ड ठेवलं. काम झाल्यावर स्टायलिस्ट त्यावर तीन गोष्टी लिहिते: आज काय वापरलं, घरी काय करायचं आणि काही विकत घ्यायची गरज आहे का. "गरज नाही" हेही उत्तर चालतं. एका ताईंनी कलर केला होता. त्या केस रोज धुवायच्या, तेही कडक पाण्याने. स्टायलिस्टने लिहिलं, "कोमट पाणी, आठवड्यातून तीनदा धुणे. घरचा सल्फेट-फ्री शाम्पू चालेल. कंडिशनर फक्त टोकांना." विक्री शून्य, पण सल्ला नेमका होता. काउंटरवरची मुलगी स्वतः काही सुचवत नाही. कार्ड बघून एकदाच विचारते, "यातलं काही देऊ का?" नाही म्हटलं की विषय संपला.

कमिशनचं गणित बसवायला वेळ लागला. पहिल्या खरेदीवर 5 टक्के, तीच वस्तू पुन्हा घेतली तर 10. दडपणाखाली घेतलेली बाटली माणूस दुसऱ्यांदा घेत नाही, म्हणून मोठा वाटा तिथे ठेवला. एका धुण्याला 10 मिली शाम्पू धरला, तर 250 मिलीची बाटली 25 वेळा पुरते. आठवड्यातून तीनदा धुतलं तर साधारण दोन महिने. म्हणून कार्डावरचं नाव चार महिने ग्राह्य धरतो. दरम्यान दुसऱ्या कुणी बिल केलं तरी कमिशन सल्ला देणारीलाच मिळतं. हेअर वॉश देणारी असिस्टंट टाळूचा कोरडेपणा सर्वांत आधी पाहते. तिच्या सांगण्यावरून सल्ला दिला असेल तर कार्डावर दोघींची नावं येतात आणि रक्कम निम्मी-निम्मी होते.

वाद झाला तो परत आलेल्या मालावरून. दिलेलं कमिशन पगारातून कापलं की मुली नाराज होणारच, आणि त्यात चूक काय? आता वस्तू परत करायची 15 दिवसांची मुदत संपल्यावरच कमिशन जमा होतं, त्यामुळे कापायची वेळच येत नाही. टाळूला खाज सुटली म्हणून कुणी उघडलेली बाटली आणली तरी परत घेतो. ते नुकसान सलूनचं.

एक अडचण मात्र उरली आहे. फक्त हेअरकट करणाऱ्या स्टायलिस्टला सुचवण्यासारखं कमीच असतं, कलर करणारीला जास्त. दोघींना एकाच वहीत तोलणं मला पटत नाही, म्हणून कुणी किती विकलं याची यादी भिंतीवर लावत नाही. आकडे ज्याचे त्यालाच दाखवतो.