माईंच्या ओव्या उतरवून घेताना

माई माझ्या चुलत सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. माहेर वाई तालुक्यातलं, आणि 1952 साली लग्न होऊन बडोद्याला आल्या त्या इथल्याच झाल्या. दोन वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात हळद दळायला जातं मांडलं, खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली आणि पाच सवाशिणींनी हात लावला. कुणालाच ओवी येईना. तेव्हा खुर्चीत बसलेल्या माईंनी चार ओव्या म्हटल्या. त्या चार ओव्या मी जेवणाच्या पानावरून उठून कागदावर लिहून घ्यायला गेले, तर दोन निसटल्या होत्या. तिथून हे काम सुरू झालं.

पुढच्याच आठवड्यात फोन घेऊन त्यांच्या दांडिया बाजारच्या घरी गेले आणि म्हटलं, "माई, ओव्या सांगा." त्यांनी सहा सांगितल्या आणि थांबल्या. "आठवत न्हाई गं. अशी बसून कुनी ओवी म्हनतं का?" मला वाटलं, वयामुळे विसरल्या. तसं नव्हतं. ओवी त्यांच्या लक्षात राहिली होती ती हाताच्या फेऱ्याबरोबर, आणि फेरा नसला की पुढची ओळ येत नव्हती.

म्हणून माळ्यावरचं जातं खाली काढलं. तळी पार गुळगुळीत झाली होती. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारा माणूस शोधायला महिना गेला. त्याने दोन्ही तळ्यांना टाकी लावून दिली, माईंनी पहिली वैरण ज्वारीची घातली आणि ते पीठ कचकचीत म्हणून टाकून द्यायला लावलं. समोर त्यांची सून बसली. त्या दिवशी दीड तासात बावीस ओव्या झाल्या.

पण रेकॉर्डिंग वाया गेलं. फोन मी जमिनीवर ठेवला होता, त्यामुळे जात्याची घरघरच भरली आणि शब्द तिच्याखाली बुडाले. नंतर फोन उशीवर ठेवून ती उशी माईंच्या तोंडाच्या उंचीला स्टुलावर ठेवायला लागले. एवढ्याने काम झालं. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी पहिल्या पाच मिनिटांनी थांबून ऐकून पाहावं. म्हातारं माणूस तीच ओवी पुन्हा तशीच म्हणत नाही.

उतरवताना दुसरी चूक झाली. शाळेत मराठी शिकवल्यामुळे हात आपोआप शुद्ध लिहीत होता. "माज्या बंदवाला"चं "माझ्या बंधूला" झालं, "न्हाई"चं "नाही" झालं, आणि वाचून पाहिलं तर ओळी लंगडायला लागल्या. सगळं परत पहिल्यापासून उतरवलं. आता प्रत्येक ओवीला चार रकाने आहेत: कानाला आलं तसं, भरतीचे शब्द वगळून ("ग", "बाई", "सांगते तुला"), त्या दिवशी समोर कोण बसलं होतं, आणि माईंनी दळण थांबवून गद्यात काय सांगितलं. हा चौथा रकाना मी उशिरा जोडला, आणि त्याच रकान्याने मला वाचवलं.

मला खरं तर आमच्या घराण्याचा माग काढायचा होता. सासरच्या घरात असं बोलतात की आमची माणसं गायकवाडांच्या पागेत होती. त्यामुळे माईंच्या तोंडून ही ओवी आली तेव्हा मला हातात घबाड लागल्यासारखं झालं:

कुन्या देशीचा शिलेदार, घोडं बांदलं चिंचेला
बंदवाच्या माज्या बाई मोती लावलं शेल्याला

मी वहीत लिहिलं: माईंचं माहेर शिलेदारांचं, म्हणजे दोन्हीकडून लष्करी घराणी, म्हणून सोयरीक. महिनाभर मी हे नातेवाइकांना सांगत फिरले. मग एकदा माईंनाच विचारलं की तुमचा भाऊ कुठल्या घोड्यावरून यायचा. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "घोडं कुठलं? आमच्यात जल्मात कुनी घोड्यावर बसलं न्हाई. भाऊ परळला गिरनीत होता. धोतर-सदरा, डोईला टोपी."

मोत्यांचा शेला, चिंचेला बांधलेला घोडा, वेशीत विचारणारी शेजारीण, हा ओवीतला भाऊ येण्याचा ठरलेला साज आहे. भाऊ शेतकरी असो, गिरणीकामगार असो, बहिणीच्या ओवीत तो शिलेदार म्हणूनच उतरतो. त्या ओवीवरून माईंच्या माहेरी घोडा होता हे मुळीच कळत नाही. सासरच्या आळीत आपल्या माणसाचा मान कुठल्या खुणांनी मोजला जायचा, आणि घोड्यावरून येणारं कुणी राहिलं नाही तरी त्या खुणा किती टिकल्या, हे मात्र त्यातून कळतं.

पोवाड्यांकडे मी याच धक्क्यानंतर वळले. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जमवलेले पोवाडे 1891 साली छापले गेले. त्यांतला तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा आमच्या पिढीला तोंडपाठ नसला तरी त्यातली घोरपड सगळ्यांना माहीत असते. सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. तिथे वानरासारखे कडा चढणारे मावळे आहेत. म्हणजे तानाजीची घोरपड आणि माईंच्या भावाचा घोडा एकाच जातीचे. गड 1670 साली कसा घेतला हे कळायला घोरपडीचा उपयोग नाही. पण शाहीर ऐकणाऱ्यांसमोर उभा राहून काय सांगत होता, मुलाचं लग्न टाकून गडावर जाणारा बाप त्यांना का हवा होता, हे विचारलं तर पोवाडा भरभरून बोलतो.

फरक एवढाच की शाहीर शेवटी आपलं नाव गुंफतो, त्याचा फड, त्याचा आश्रयदाता, त्याची बिदागी यांचा माग लागू शकतो. ओवीत बाई भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, स्वतःचं नाही. तिची सही शोधायची तर ठरलेल्या साच्यात तिने कुठे हात घातला ते पाहावं लागतं.

हे कसं पाहायचं ते मला दुसऱ्या एका ओवीने शिकवलं.

सांगून धाडते बाई, बडोदं लई दूर
बंदवाच्या गाडीचा दिसना मला धूर

आधी मी भाबडेपणाने काळ लावला. बडोद्याची रेल्वे मुंबईला 1864 साली जोडली गेली, म्हणजे ओवी त्यानंतरची. मग विचार आला, हे "बडोदं" पक्कं आहे कशावरून? माईंच्या माहेरी त्यांची वहिनी आहे, तिला फोन लावला आणि पहिले दोन शब्द म्हटले. तिने पुढे घेतलं, "मुंबई लई दूर". तिच्या शेजारणीने मागून सांगितलं, "आमच्यात पुनं म्हनत्यात."

ओवीत शब्दांची जागा बघायची. ओळीच्या मध्ये असलेला शब्द बाई सहज काढते आणि आपल्या सोयीचा घालते, मात्रा जमल्या की झालं. यमकातला शब्द तसा निघत नाही. "दूर"ला "धूर" बांधलेला आहे. धूर काढला तर दुसरी ओळच कोसळते. बैलगाडीला धूर नसतो, म्हणजे ही ओवी जन्मली तीच आगगाडीच्या काळात. जुन्या ओवीत नंतर रेल्वे घुसवलेली नाही. पण बडोदं बदलता येणारं, म्हणून 1864 चा आधार गेला. हातात उरतं ते 1853, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ते साल. त्याच्या अलीकडे कुठेही. एका ओवीतून एवढंच निघतं, आणि एवढं निघालं तरी मी समाधानी आहे.

आणि "बडोदं"? ती माईंची सही. वाईकडच्या बायकांच्या मुंबईच्या, पुण्याच्या ओवीत सोळा वर्षांच्या मुलीने आपलं सासर बसवलं. विचारल्यावर त्या म्हणाल्या की पहिली चार वर्षं कुणी न्यायला आलं नाही, भाऊ आला तो 1956 च्या दिवाळीला, रात्रीच्या गाडीने, खांद्यावर ज्वारीचं पोतं. "हितं बाजरी आन् गहू. मला ज्वारीची भाकर मिळंना. त्यानं वळखलं." हे चौथ्या रकान्यात आहे. ओवीत पोतं नाही, ज्वारी नाही. पोत्यावर ओवी का केली नाही, विचारलं तर म्हणाल्या, "पोतं काय गायाचं असतं?"

पाच बैठकांत चौऱ्याहत्तर ओव्या झाल्या. त्यांतल्या एकतीस भावाच्या, नवऱ्याच्या दोन. या आकड्यांवरून नवऱ्याचं नातं कोरडं होतं असं कुणी काढू नये. समोर सून बसलेली असताना सासऱ्याबद्दल कोण काय म्हणणार? तिसऱ्या बैठकीला सून गावाला गेली होती आणि समोर मी बसले, तेव्हा सासरच्या जाचाच्या ओव्या निघाल्या. तोपर्यंत एकही नव्हती.

बडोद्यात बसून हे करण्याचा एक फायदा झाला. सोमेश्वराचा मानसोल्लास हा बाराव्या शतकातला ग्रंथ इथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात हे त्यात नोंदलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते "जात्यावरची ओवी" म्हणून सांगितलं जातं. मूळ शब्द मात्र "कंडने" असा आहे. कंडन म्हणजे कांडण, उखळ-मुसळाचं काम. मी माईंना विचारलं, कांडताना गात होता का? त्यांनी हाताने मुसळ उचलल्यासारखं केलं आणि एक ओवी म्हणून दाखवली. तीच ओवी, पण ओळ मध्येच तुटत होती, घाव बसेल तिथे. जात्यावर ती ओळ अखंड फिरते. ती मी वेगळी नोंदवून ठेवली आहे, कारण तोवर मी सगळ्या ओव्यांना एकच चाल धरून चालले होते.

जाचाच्या ओव्या निघाल्या त्या बैठकीत मध्येच माईंनी खुंटा सोडला. "ते यंत्र बंद कर." मी बंद केलं. त्यानंतर त्यांनी सात ओव्या म्हटल्या, पहिल्या बाळंतपणाच्या. त्या मी ऐकल्या, घरी जाऊन लिहिल्या नाहीत. फाइलमध्ये 41 ते 47 हे क्रमांक तसेच ठेवले आहेत, शेजारी तारीख आणि समोर कोण बसलं होतं ते. पुढच्या महिन्यात माईंच्या नातीला जात्यासमोर बसवायचं ठरलं आहे. तिच्यासमोर त्या काय म्हणतात ते बघायचं आहे.