पुस्तकी तमिळ कुणाच्या घरी राहतं?

चेन्नईच्या लोकल स्टेशनवर दिवसभर एक वाक्य ऐकू येतं: ‘पयणिगळिन् कनिवान गवनत्तिर्कु...’ म्हणजे प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. नोकरीसाठी या शहरात आलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हे वाक्य आपोआप पाठ होतं. मग एखाद्या दिवशी लक्षात येतं, की यातला ‘गवनत्तिर्कु’ हा शब्द फलाटावरचा एकही माणूस बोलताना असा म्हणत नाही. त्याच्या तोंडी ‘गवनत्तुक्कु’ असतं. ‘घरी’ म्हणताना तो ‘वीट्टुक्कु’ म्हणतो, छापताना मात्र ते ‘वीट्टिर्कु’ होतं. स्टेशनवरच्या पाटीवर बसला ‘पेरुंदु’ लिहिलंय, आणि त्या पाटीखाली उभी असलेली माणसं ‘बस् वंदुच्चा?’ विचारताहेत. छापायचं असतं तर ‘आली’साठी ‘वंददु’ लिहावं लागलं असतं.

प्रत्येक भाषेत लिहिण्याबोलण्यात थोडा फरक असतोच, असं म्हणून मी आधी सोडून दिलं होतं. पण इथे तो थोडा नाही. ‘मी घरी जातोय’ हे साधं वाक्य घ्या. कागदावर ते ‘नान् वीट्टिर्कुप् पोगिरेन्’, तोंडात ‘ना वीट्टुक्कुप् पोरें’. ‘ते येताहेत’ कागदावर ‘अवर्गळ् वरुगिरार्गळ्’, तोंडात ‘अवंग वराङ्ग’. आकडेसुद्धा सुटलेले नाहीत. पुस्तकातले ओन्रु, मून्रु, ऐंदु भाजीवाल्याकडे ओण्णु, मूणु, अंजु होतात. हा आळशीपणा नव्हे. शेवटचा म् किंवा न् गळतो आणि आधीचा स्वर नाकात जातो. ‘मरम्’ म्हणजे झाड, त्याचं ‘मरँ’ होतं, आणि हे अशिक्षित माणूस करतो तसंच प्राध्यापकही करतो. बोलीचे नियम पुस्तकी तमिळइतकेच पक्के आहेत, फक्त ते शाळेत कुणी शिकवत नाही. कुणी कोणतं तमिळ बोलतोय हे ओळखायचं असेल, तर क्रियापदाच्या शेपटाकडे कान द्यावा. ‘-गिरेन्’, ‘-गिरार्गळ्’ अशी अख्खी शेपटं ऐकू आली, की समोरचा वाचतोय किंवा भाषण करतोय.

भाषाशास्त्रात याला ‘डायग्लॉसिया’ म्हणतात, म्हणजे एकाच भाषेच्या दोन पायऱ्या, एक लिहिण्याची आणि एक बोलण्याची; चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1959 साली या विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याने तपशीलवार घेतलेली उदाहरणं अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधलं जर्मन आणि हैती देशातली भाषा अशी होती. त्यात एक कसोटी आहे, ती मला फार आवडते: वरच्या पायरीची भाषा घरगुती गप्पांसाठी समाजातला कुठलाच थर वापरत नाही. ती कुणाचीच मायबोली नसते, सगळेच ती शिकून घेतात.

तमिळला ही कसोटी चपखल लागू पडते. मग कोणती भाषा कधी, हे कसं ठरतं? औपचारिक प्रसंगी पुस्तकी आणि घरगुती प्रसंगी बोली, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण एकाच प्रसंगात माणसं दोन्ही वापरतात. टीव्हीवरची निवेदिका कॅमेऱ्याकडे बघून ‘वरुगिरार्गळ्’ म्हणत पाहुण्याची ओळख करून देते आणि पाहुण्याकडे वळताच ‘सोल्लुंग सार्’ म्हणते. वर्गात बाई धडा पुस्तकी तमिळमध्ये वाचतात आणि पुढच्याच श्वासात बोलीत समजावून सांगतात. कथा-कादंबऱ्यांत निवेदन बहुधा पुस्तकी, अवतरणचिन्हात मात्र बोली. हे सगळं ऐकून मी आपला एक अंदाज बांधलाय: समोरच्याला उलट उत्तर देता येत नसेल तिथे पुस्तकी तमिळ, आणि देता येत असेल तिथे बोली. स्टेशनवरच्या घोषणेला कोण उत्तर देणार? बातम्यांना, लग्नपत्रिकेला, चौकातल्या नेत्याच्या फलकालाही कुणी देत नाही. व्हॉट्सॲपवर दिवसभर बोलीत भांडणारा ग्रुप कुणाच्या निधनाची बातमी आली, की ‘आळ्न्द इरंगल्’ या छापील शब्दांत एकामागून एक शोक व्यक्त करतो.

बातम्यांवरून आठवलं. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून ‘सेय्दिगळ् वासिप्पदु...’ म्हणजे ‘बातम्या वाचत आहेत...’ असं म्हणत स्वतःचं नाव सांगणाऱ्या सरोज नारायणस्वामी यांचा आवाज तमिळनाडूतल्या एका अख्ख्या पिढीच्या कानात आहे. नितळ, एकही अक्षर न गिळणारं तमिळ. आणि या बाई वाढल्या मुंबईत! इथल्या लोकांना याचं नवल वाटतं, मला तितकंसं वाटत नाही. जी भाषा कुठल्याच गावात बोलली जात नाही, ती मुंबईत बसूनही शिकता येते. त्या मदुरैत वाढल्या असत्या तरी त्यांना ती शिकावीच लागली असती.

हीच गोष्ट राजकारणात फार कामाला आली. तमिळ बोली तोंडातून निघाली की जिल्हा आणि जात दोन्ही सांगून टाकते. मयिलापूरमधल्या माझ्या शेजारच्या मामी घरी जायला निघाल्या की ‘आत्तुक्कु’ म्हणतात. हा ब्राह्मण घरांतला शब्द. ऑफिसमधला माझा मित्र मदुरैकडचा, तो इकडेतिकडे म्हणताना ‘इंगिट्टु-अंगिट्टु’ म्हणतो आणि चेन्नईचे सहकारी लगेच गालात हसतात. मामींचं ‘आत्तुक्कु’ आणि मित्राचं ‘वीट्टुक्कु’ एका व्यासपीठावरून ऐकवलं, तर श्रोते भाषणाआधी वक्त्याचं कूळ मोजतील. ‘वीट्टिर्कु’ म्हणणारा मात्र कुठलाच नसतो. 1949 साली द्रविड मुन्नेट्र कळगम म्हणजे द्रमुक हा पक्ष स्थापन झाला, तेव्हा अण्णादुरै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्यासपीठावर नेमकं हेच अनुप्रास-यमकांनी सजवलेलं पुस्तकी तमिळ आणलं. तोपर्यंत व्यासपीठावरही बरेचसे नेते बोलीतच बोलत. 1954 ते 1963 मुख्यमंत्री असलेले, शाळा लवकर सुटलेले कामराज तर शेवटपर्यंत साध्या बोलीतच बोलले, आणि लोकांना ते आवडायचंही. पण नव्या वक्त्यांची सभा ही निराळीच चीज होती. ती ऐकायला माणसं तिकीट न काढता नाटकाला यावीत तशी येत. मग तेच तमिळ पडद्यावर आलं. करुणानिधींनी संवाद लिहिलेल्या ‘पराशक्ती’त (1952) शिवाजी गणेशन न्यायालयात उभे राहून लांबलचक भाषण देतात, ते लोकांनी पाठ केलं. खऱ्या कोर्टात कुठला आरोपी तसं बोलेल? कुणीच नाही, आणि तीच तर त्यातली गंमत होती: ज्याला आयुष्यभर उलट बोलता आलं नाही, त्याच्या तोंडी उलट उत्तर देता न येणारी भाषा.

इथे मला महाराष्ट्र आठवतो आणि थोडं अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडेही दोन पायऱ्या आहेत. ‘सांगितले’ लिहायचं, ‘सांगितलं’ बोलायचं. 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जुन्या ‘केलें’वरचं टिंब काढून ‘केले’ केलं आणि ‘केलं’ला पात्राच्या तोंडापुरती जागा ठेवली. (हा लेख मी बिनदिक्कत ‘केलं-गेलं’त लिहितोय, म्हणजे मी पात्रच म्हणायचा.) पण आपली वरची पायरी तमिळइतकी उंच नाही. टीव्हीवरच्या मराठी बातम्या आता सर्रास ‘सांगितलं’ म्हणतात. अडचण वेगळीच आहे: आपली प्रमाण मराठी कुणाच्या तरी घरी राहते. पुण्याकडच्या काही घरांतल्या बोलण्याशी तिचं इतकं जवळचं नातं आहे, की तिथल्या मुलाला शाळेत जाताना फक्त ‘केलं’चं ‘केले’ करावं लागतं. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला मात्र आधी ‘पाणी’ म्हणायला शिकवलं जातं आणि वर हसलंही जातं. तमिळनाडूत ‘ओण्णु’ म्हणणारा लिहिताना चुकतो तसा मामींचा नातूही चुकतो, कारण तोही घरी ‘ओण्णु’च म्हणतो. सगळ्यांनाच पायरी चढावी लागते. यातला न्याय अर्धवट आहे, हे खरं. जो शाळेत टिकला तोच ती चढतो. आणि बोलींमध्येही उच्चनीच आहेच, चेन्नईच्या वस्त्यांमधल्या ‘मद्रास बाषै’ला सिनेमात विनोदापुरतीच जागा मिळते असं बऱ्याचदा दिसतं. तरीही सुरुवातीची रेषा सगळ्यांना एकच आहे, आणि त्याचा मला हेवा वाटतो.

ही रेषा आता मोबाइलने पुसायला घेतली आहे. बोली लिहायची सोय तमिळ लिपीत नीटशी नाही; नाकातल्या स्वराला चिन्हच नाही, त्यामुळे ‘मरँ’ लिहायचं तर काहीतरी अंदाजपंचे करावं लागतं. म्हणून मुलं सरळ रोमन अक्षरांत बोली टाइप करतात, आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते परीक्षेत. मदुरैच्या मित्राची मुलगी सातवीत आहे. तिने निबंधात ‘पोगिरेन्’च्या जागी ‘पोरेन्’ लिहिलं, एकदा नाही, पानभर. बाईंनी प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली आणि वही तिच्यापुढे धरून विचारलं, ‘एन्न, इप्पडि एळुदि वेच्चिरुक्के?’ हे काय लिहून ठेवलंयस? मुलीने घरी येऊन बापाला हे अगदी बाईंच्या सुरात करून दाखवलं आणि म्हणाली, बाईंनी हेच वाक्य निबंधात लिहिलं असतं, तर ‘वेच्चिरुक्के’खाली रेघ आली असती, तिथे ‘वैत्तिरुक्किराय्’ पाहिजे.