कार्ड, ऊन आणि केबल : डॅशकॅमचं रेकॉर्डिंग नेमकं कशाने तुटत होतं

डॅशकॅम मधेच बंद पडायला लागला की ज्याला विचारावं तो एकच सांगतो, कार्ड बदला. माझ्या गाडीतलं कार्ड खरोखरच गेलेलं होतं, पण ते बदलल्यावर निम्माच त्रास संपला. बाकीचा उन्हामुळे आणि एका बारीक केबलमुळे होता. तिन्हींची लक्षणं वेगवेगळी असतात आणि ती कार्डावरच्या फायलींत दिसतात. कुणी एकामागून एक कार्डं विकत घेत बसू नये म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी कोथरूडहून खराडीला रोज गाडीने जाते, जाऊन-येऊन तीन तास धरा. कॅमेरा फक्त पुढचा, फुल एचडी, तीन-तीन मिनिटांच्या फायली करणारा. ऑफिसचं पार्किंग गच्चीवर, वर छप्पर नाही. मार्चअखेरीस येरवड्याजवळ एक टेम्पो डावीकडून घासून गेला आणि आरसा तुटला. विम्यासाठी फूटेज काढायला बसले तर कार्डावर त्या दिवसाची एकही फाइल नव्हती. सगळ्यात अलीकडची फाइल जानेवारीतली होती, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा मात्र रोज लुकलुकत होता.

कार्ड लॅपटॉपमध्ये घालून फॉरमॅट केलं. लॅपटॉप म्हणाला, झालं. कार्ड काढून पुन्हा घातलं तर जानेवारीतल्या सगळ्या फायली जागच्या जागी! मेलेल्या कार्डाची ही अगदी ठळक खूण. आतल्या पेशी झिजल्या की कार्डाचा कंट्रोलर लिहिणं बंद करतो आणि आहे तेवढं फक्त वाचू देतो. कॅमेऱ्याला हे कळतंच असं नाही. तो लिहिल्यासारखं करत राहतो आणि लिहिलेलं कुठेच उमटत नाही.

झीज का झाली याचा हिशोब सोपा आहे. माझा कॅमेरा तासाला साधारण पावणेसात जीबी लिहितो. ६४ जीबीचं कार्ड नऊ-साडेनऊ तासांत भरतं आणि मग सर्वांत जुन्या फायलींवर नव्या चढायला लागतात. म्हणजे माझ्या वापरात दर तीन दिवसांनी अख्खं कार्ड पुन्हा लिहिलं जातं. फोनमध्ये तेच कार्ड वर्षातून एक-दोनदा भरलं तर खूप. साधी कार्डं या कामासाठी बनवलेलीच नसतात, आणि बऱ्याच कंपन्या त्यांच्या वॉरंटीतून डॅशकॅमचा वापर चक्क वगळतात. हाय एन्ड्युरन्स कार्डं सतत लिहिण्यासाठी असतात आणि त्यांच्यावर किती तास रेकॉर्डिंग झेपेल ते सांगितलेलं असतं. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स कार्डाला ६४ जीबीसाठी ५,००० तास, १२८ साठी १०,००० आणि २५६ साठी २०,००० तास दिलेले आहेत. क्षमता दुप्पट केली की आयुष्यही दुप्पट, कारण तेवढंच लिखाण दुप्पट जागेवर पसरतं. माझ्या मते ६४ जीबी घेण्यात अर्थ नाही. तुमचा कॅमेरा १२८ जीबी घेतो का एवढं मात्र त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा, जुने कॅमेरे ३२ जीबीच्या पुढे जात नाहीत. हे तास फुल एचडीचे आहेत. मागचाही कॅमेरा असेल तर ते जवळजवळ निम्मे धरायचे.

मी १२८ जीबीचं कार्ड घेतलं. वापरण्याआधी लॅपटॉपवर `H2testw` चालवलं. हा प्रोग्राम कार्ड पूर्ण भरतो आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं का ते बघतो. आपल्याकडे नकली कार्डं इतकी फिरतात की ही पायरी मी कधीच गाळणार नाही. वेळ बराच लागतो, रात्री लावून झोपावं. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, कारण त्याला हवी तशी रचना तोच करून घेतो.

यानंतरही फायली तुटतच होत्या. ऑफिसातले म्हणाले, कार्ड नकली असेल. पण `H2testw` मध्ये एकही चूक निघाली नव्हती, म्हणून मी कार्डावरची यादी वेळेनुसार लावली आणि प्रत्येक फाइल कधी सुरू झाली, किती लांब आहे, हे कागदावर उतरवलं. चित्र लगेच स्वच्छ झालं. खंड दोन प्रकारचे होते. एक फक्त संध्याकाळी, ऑफिसमधून निघाल्यावर : पहिली दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्डिंगच नाही, पुढे सगळं सुरळीत. दुसरा कुठेही, सकाळीसुद्धा : तीन मिनिटांची फाइल चाळीस-पन्नास सेकंदांवरच संपलेली किंवा न उघडणारी, आणि पुढची फाइल आठ-दहा सेकंदांनी सुरू झालेली. माझ्या कॅमेऱ्याला बंद होऊन पुन्हा चालू व्हायला तेवढाच वेळ लागतो.

पहिला प्रकार उन्हाचा. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये छापलेल्या मोजमापात, बाहेर अडतीसच्या आसपास तापमान असताना तासभर उन्हात ठेवलेल्या गाडीची आतली हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेरचं तेवढं तापमान नेहमीचंच, आणि माझी गाडी एक तास नाही, दिवसभर उभी असते. मेमरी कार्ड सहसा ८५ अंशांपर्यंत चालतं. कॅमेऱ्याची मर्यादा बहुधा साठ-पासष्टपर्यंतच असते. त्यामुळे आधी कॅमेरा माघार घेतो, आणि एसीने काच थंड झाली की आपोआप सुरू होतो.

इथे एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. मी काचेला चंदेरी सनशेड लावत होते. सीट आणि स्टिअरिंग त्याने नक्कीच गार राहतं, पण कॅमेरा काचेला चिकटलेला असल्यामुळे तो काच आणि शेड यांच्या मधल्या फटीत अडकतो, आणि शेडवरून परतलेलं ऊनही त्याच्यावरच पडतं. लांबून तापमान मोजणारी गन आणून दुपारी बघितलं तर शेडमागे कॅमेऱ्याच्या अंगावर ७१ अंश होते. शेडला वर खाच पाडून कॅमेरा आतल्या बाजूला मोकळा सोडल्यावर साधारण त्याच वेळी ५८ भरले. गाडी कोणत्या तोंडाने लावावी याचा भर दुपारी फारसा फायदा नाही, कारण मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो. चारनंतर मात्र पुढची काच पश्चिमेला नसलेली बरी. खाच पाडल्यापासून संध्याकाळचा खंड गेला. फार कडक उन्हाच्या दिवशी मी कॅमेरा माउंटवरून सरकवून ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवते.

उन्हाचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीज गेल्यावर उघडी फाइल नीट बंद करायला कॅमेऱ्यात थोडी साठवलेली ऊर्जा लागते. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी छोटी लिथियम बॅटरी असते, काहींत कपॅसिटर. बॅटरी उष्णतेने लवकर खराब होते, फुगतेही. आपल्या हवेत कपॅसिटरवालाच घ्यावा. माझा तसा आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या प्रकारचा खंड मला कोड्यात टाकत होता.

तो सोडवला एका पॉवर बँकेने. कॅमेरा छोट्या केबलने पॉवर बँकेला जोडून मी काही दिवस तशीच गाडी चालवली. एकही फाइल तुटली नाही. म्हणजे कॅमेरा चांगला, कार्ड चांगलं, दोष सॉकेटपासून कॅमेऱ्यापर्यंतच्या वाटेत. तापकीर गल्लीतून एक छोटा यूएसबी मीटर आणला आणि कॅमेऱ्याच्या टोकाला लावला. चार्जरपाशी ५.१ व्होल्ट होते, कॅमेऱ्यापाशी ४.३. अ‍ॅक्सेसरीवाल्याने कॅमेरा बसवताना छतावरून फिरवलेली केबल साडेतीन मीटर लांब आणि आतून बारीक तारेची होती. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे ०.२१ ओहम रोध असतो. जायची आणि यायची मिळून सात मीटर धरली तर दीड ओहम होतो, म्हणजे एक अँपिअर खेचला तर दीड व्होल्ट वाटेतच संपतो. २४ गेजची तार असती तर तोच तोटा ०.६ व्होल्टवर आला असता. वर चार्जर दोन पोर्टचा होता. दुसऱ्या पोर्टला फोन लावला की मीटर क्षणभर शून्यावर जाई, कारण असे बरेच फास्ट चार्जर नवीन उपकरण लागलं की दोन्हीकडची वीज नव्याने वाटतात. आधीच अर्धपोटी चालणाऱ्या कॅमेऱ्याचा कपॅसिटर पुरेसा भरलेला नसे, आणि तो फाइल बंद न करताच झोपे.

नाना पेठेतल्या इलेक्ट्रिशियनकाकांना मीटर दाखवला. "ताई, याला लायटरमधून द्यायचंच कशाला? फ्यूजमधून घेऊ, फोनचा संबंधच नको." त्यांनी एक टॅप किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवर आणि दुसरा कायम चालू असणाऱ्या फ्यूजवर लावून स्वतंत्र हार्डवायर किट बसवलं, आणि जाड केबल खांबातल्या एअरबॅगच्या मागून नेली. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना केबल आड येते, म्हणून हे काम घरी करू नये. आता कॅमेऱ्यापाशी गाडी चालू असताना ४.९ व्होल्ट मिळतात.

न उघडणाऱ्या फायलींपैकी एक मला हवी होती. संगमवाडी पुलाजवळ पुढचा दुचाकीस्वार वाळूवर घसरला होता आणि त्याच्या भावाने फूटेज मागितलं होतं. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा फाइल बंद होताना लिहिली जाते. ती नसली की चित्रं कार्डावर असूनही प्लेअरला ती सापडत नाहीत. अशा वेळी कार्ड कॅमेऱ्यात परत घालायचं नाही, दुरुस्तीची कुठलीही आज्ञा थेट कार्डावर चालवायची नाही, आधी फाइल लॅपटॉपवर उतरवायची. मग तुटक्या फायली जोडणाऱ्या `untrunc` या प्रोग्रामला त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यायची :

```
untrunc good.mp4 broken.mp4
```

ती फाइल १८० एमबीची होती, त्यातून दीड मिनिटाचं चित्र निघालं आणि घसरण्याचा प्रसंग त्यात होता. यादीत `0 KB` दिसणाऱ्या फायलींवर याचा उपयोग होत नाही, कारण वाचायला त्यांच्यात काही नसतंच.

किटमुळे पार्किंग मोडही मिळाला आहे. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली गेली की किट कॅमेरा बंद करतं, त्यामुळे सकाळी गाडी सुरू होण्याची चिंता नाही. पण रेकॉर्डिंग करताना कॅमेरा स्वतःही तापतो, म्हणून गच्चीवर मार्च ते मे हा मोड मी बंद ठेवते आणि पाऊस लागल्यावर चालू करते.