चोक उलटा की सुलटा?

नव्या लॉटचे काही पॉवर सप्लाय टेस्टिंगला आले आणि त्यातल्या एकाचा इनपुट चोक लोडवर भाजण्याइतका तापू लागला. शेजारच्या बोर्डवरचा तसाच चोक मात्र थंड. कॉमन मोड चोकमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या लाइन करंटचं फ्लक्स एकमेकांना मारतं, म्हणून कोअरवर ताण येत नाही. एक वाइंडिंग उलटं गुंडाळलं की दोन्हींचं फ्लक्स जुळून वाढतं आणि फेराइट सॅच्युरेट होतो. वर नॉइज अडवायचं कामही होत नाही. संशय तिथेच होता, पण चोकवर डॉटची खूण नव्हती.

दोन्ही चोक काढून एलसीआर मीटरवर घेतले. आउटपुटकडच्या दोन पिना शॉर्ट करायच्या आणि इनपुटच्या दोन पिनांमध्ये मोजायचं. करंट एका वाइंडिंगमधून जाऊन दुसऱ्यातून परत येतो, अगदी लाइन करंटसारखा. थंड चोकनं ०.१२ मिलिहेन्री दाखवलं, म्हणजे नुसतं लीकेज. तापलेल्यानं जवळपास ४०! एकेक वाइंडिंग सुमारे १० चं, दोन्ही सिरीजमध्ये एकमेकांना साथ देत असतील तर बेरीज वीस नव्हे, चाळीस होते, कारण एका वाइंडिंगचं फ्लक्स दुसऱ्यातून गेल्यानं येणाऱ्या म्युच्युअल इंडक्टन्स M ची दोनदा, म्हणजे 2M ची भर पडते. पुरवठादाराच्या माणसानं तो चोक उलटाच गुंडाळला होता.

मग आमच्या ट्रेनी मुलीला चांगल्या चोकचा k, म्हणजे दोन वाइंडिंगमधलं कपलिंग, काढायला सांगितला: M भागिले L1 × L2 चं वर्गमूळ. तिनं १०० हर्ट्झवर L1 १०.१, L2 ९.९, साथीच्या जोडणीत ४०.९ आणि विरोधी जोडणीत ०.१२ असे आकडे लिहिले. फरकाला चारनं भागून M आला १०.२. "सर, k एकच्या वर येतोय!"

एकच्या वर k असूच शकत नाही. पण तिची आकडेमोड बरोबर होती. साथीची आणि विरोधी रीडिंग मिळवली तर L1 + L2 च्या दुप्पट, म्हणजे ४०, यायला हवेत; येत होते ४१.०२. आमच्या मीटरचा सोर्स रेझिस्टन्स १०० ओहम. १०० हर्ट्झवर चोकचा इम्पिडन्स त्यापुढे किरकोळ, त्यामुळे करंट जवळपास तोच राहतो आणि साथीच्या जोडणीत अँपिअर-टर्न दुप्पट होतात. फेराइटची पर्मिएबिलिटी फ्लक्सबरोबर थोडी वाढते, म्हणून ते रीडिंग फुगलं.

१० किलोहर्ट्झवर फ्लक्स अगदी कमी असतं. तिथे ९.८, ९.७, ३८.९ आणि ०.१२ मिळाले. बेरीज ३९.०२, हवी ३९.०. k आला ०.९९४. दोन्ही वाइंडिंग सारखी असली तर मी आता थेट हे वापरतो:

```
k = (La - Lo) / (La + Lo)
```

La साथीचं, Lo विरोधी. तिच्या १०० हर्ट्झच्या आकड्यांनीही यातून ०.९९४ च येतो, कारण Lo बराचसा हवेतल्या फ्लक्सचा असतो आणि La थोडा फुगला तरी उत्तर फारसं हलत नाही. वाइंडिंग असमान असतील तर मात्र M आणि वर्गमूळाचा रस्ता धरावाच लागतो.

उरलेल्या लॉटला शॉर्ट करून मोजायची तेवढी एकच टेस्ट लावली. आणखी काही उलटे निघाले, ते परत पाठवले.